चलन अदलाबदल

चलन अदलाबदल अथवा करन्सी स्वॅप हा दोन पक्षांमधील असा करार आहे, ज्यात ते दोन वेगवेगळ्या चलनांतील मुद्दल परस्परांना देतात, कराराच्या मुदतीत एकमेकांचे व्याज भरतात आणि मुदतीअखेर मूळ विनिमय दरानेच मुद्दल परत करतात. १९८१ मध्ये आयबीएम आणि जागतिक बँक यांच्यात झालेला व्यवहार या प्रकारचा पहिला प्रसिद्ध करार मानला जातो. आपल्या देशात ओळख असलेल्या कंपनीला तेथील चलनात स्वस्त कर्ज मिळते, परक्या चलनात मात्र महाग पडते. या फरकातून हा करार जन्माला येतो.

उदाहरण

नागपूरच्या रामदासपेठेत कार्यालय असलेल्या 'अ' या काल्पनिक कंपनीला १ कोटी डॉलर हवे आहेत. 'ब' या अमेरिकी कंपनीला बुटीबोरीतील कारखान्यासाठी ८० कोटी रुपये हवे आहेत. विनिमय दर ८० रुपये धरू. 'अ' ला रुपयांत ९ टक्के, तर डॉलरमध्ये ७ टक्के दराने कर्ज मिळते. 'ब' ला डॉलरमध्ये ५ टक्के आणि रुपयांत ११ टक्के दर पडतो.

प्रत्येक कंपनी आपल्या देशात कर्ज घेते आणि मुद्दलाची अदलाबदल करते. त्यानंतर दरवर्षी 'अ' ही 'ब' ला ५ लाख डॉलर देते, तर 'ब' ही 'अ' ला ७.२ कोटी रुपये देते. या रकमांतून दोघी आपापल्या कर्जदात्यांचे व्याज फेडतात. परिणामी 'अ' चे वर्षाला २ लाख डॉलर आणि 'ब' चे १.६ कोटी रुपये वाचतात. पाच वर्षांनी मुद्दल ८० च्याच दराने परत फिरते.

जोखीम

पाच वर्षांनी डॉलर १०० रुपयांचा झाला, असे मानू. 'अ' ची मिळकत डॉलरमध्ये असेल, तर ती त्या मिळकतीतून मुद्दल फेडते आणि तिला झळ बसत नाही. मिळकत केवळ रुपयांत असेल, तर तिला १०० कोटी रुपये देऊन डॉलर विकत घ्यावे लागतात. परत मात्र ८० कोटीच मिळतात. रुपयांतील ७.२ कोटींऐवजी डॉलरचे ४ कोटींचे व्याज भरून पाच वर्षांत फार तर १६ कोटी वाचले असते. तोटा मात्र २० कोटींचा होतो. शिवाय डॉलर वधारत गेल्याने व्याजातील बचतही घटलेली असते. म्हणून कमी व्याजदर हा स्वतःहून लाभ ठरत नाही. मिळकतीचे चलन कोणते, हे आधी पाहावे लागते.

दुसरी जोखीम समोरच्या पक्षाची आहे. 'ब' ने हप्ता चुकवला, तरी 'अ' ची आपल्या कर्जदात्याप्रति असलेली जबाबदारी संपत नाही. त्यामुळे भारतात कंपन्या असे करार सहसा थेट एकमेकींशी न करता अधिकृत बँकेमार्फत करतात. तरीही धोका उरतोच. एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने डेरिव्हेटिव्ह व्यवहारांतील नियमभंगाबद्दल १९ बँकांना दंड ठोठावला होता.