एक ओळ, एक चूल

लग्नाची यादी बहुतेक घरांत मागच्या कार्यातल्या आहेराच्या वहीवरून सुरू होते. पुतणीच्या लग्नाची यादी शीटवर चढवताना मीही तीच वही उघडली. त्या वहीत नोंद माणसांची नसते, घरांची असते. म्हणून शीटमध्येही एक ओळ म्हणजे एक चूल, असं माझं ठाम मत.

आता चूल कुठली धरायची? जुन्नरकडचे आमचे तीन चुलत भाऊ एकाच वाड्यात राहतात. वहीत नाव थोरल्याचंच. पण वाटण्या झाल्यात, स्वयंपाकही वेगळे होतात. एकच पत्रिका थोरल्याच्या हाती टेकवली, तर धाकटे दोघे लग्नाला येतील आणि वर्षभर बोलणार नाहीत. त्यामुळे तीन ओळी: ५, ४ आणि ६ माणसं.

माणसांचे रकाने मात्र दोन हवेत, ‘घरात’ आणि ‘येतील’. सहकुटुंब सहपरिवार बोलावलं तरी पंधराच्या पंधरा येत नाहीत. मुलांची परीक्षा असते, गुरांपाशी कुणीतरी थांबतं. या तीन ओळींत ‘येतील’खाली आम्ही ३, २, ४ लिहिलं. केटररला या रकान्याची बेरीज सांगायची. घाईत लोक ओळीच मोजतात, आणि सहाशे घरांना सहाशे ताटं सांगून बसतात.

आमंत्रणाचा रकाना ‘हो-नाही’वर भागत नाही. ‘बाकी’, ‘व्हॉट्सॲप’, ‘फोन’, ‘घरी दिली’ असे चार पर्याय ठेवले. नुसत्या व्हॉट्सॲपवर भावकी समाधानी नसते, हे वेगळं सांगायला नको. हे पर्याय ड्रॉपडाऊनमधूनच निवडायला लावावेत. एकाने ‘बाकी’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘द्यायचीय’, तर दुसऱ्याची घरं मोजणीतून गळतात. C मध्ये मोबाइल, E मध्ये ‘येतील’, F मध्ये आमंत्रण असेल, तर ही दोन सूत्रं पुरतात:

```
=SUMIFS(E2:E700,F2:F700,"बाकी")
=COUNTIF(C$2:C$700,C2)>1
```

पहिलं सांगतं, पत्रिका न पोहोचलेल्या घरांतली किती माणसं आपण जेवणात धरली आहेत. दुसरं दुबार घरं पकडतं. आमच्या यादीतले दत्तात्रय वहिनींच्या माहेरच्या यादीत बाळासाहेब म्हणून होते. नावांवरून कळलं नसतं, नंबर एकच निघाला. तिकडे नवऱ्याचा आणि इकडे बायकोचा नंबर असेल, तर हे सूत्रही हात टेकतं. मग यादी मोठ्याने वाचायची आणि आत्याला समोर बसवायचं.

शेवटी एक धोका. पत्रिका वाटायला निघण्याआधी गावाप्रमाणे क्रम लावतात. तेव्हा सगळे रकाने एकत्र निवडले आहेत ना, ते पाहावं. एकट्या गावाच्या रकान्याचा क्रम बदलला, तर जुन्नरची चूल नाशिकला जाते आणि पत्रिका घेऊन गेलेला पोरगा तिथे पत्ता विचारत फिरतो.