विश्लेषण : पासपोर्टचा फोटो नाकारला का जातो? पार्श्वभूमी, सावली आणि डोक्याची जागा घरीच कशी तपासाल?

दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी आता फोटोकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. विदेशातील भारतीय दूतावासांनी 1 सप्टेंबर 2025 पासून पासपोर्टच्या अर्जासोबत आंतरराष्ट्रीय निकषांनुसार काढलेला फोटो बंधनकारक केला आहे. फोटो 630 × 810 पिक्सेलचा, पार्श्वभूमी पांढरी, चेहऱ्याने फोटोचा 80 ते 85 टक्के भाग व्यापलेला, सावली नाही आणि सॉफ्टवेअरने केलेला कोणताही बदल नाही, अशा अटी आहेत. दिसायला सोप्या असलेल्या या अटींमध्येच अनेक अर्ज अडकतात. ठरलेल्या दिवशी रजा काढून केंद्रावर जायचे आणि फोटो चालणार नाही म्हणून परत यायचे, हा मनस्ताप टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी हे नियम नेमके कशासाठी आहेत, ते आधी समजून घ्यायला हवे.

हा नियम कोणाला लागू होतो?

भारतात पासपोर्ट काढणाऱ्या बहुतेकांना फोटो न्यावाच लागत नाही. पासपोर्ट सेवा केंद्रातच कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला जातो. अपवाद चार वर्षांखालील मुलांचा. त्यांच्यासाठी पांढऱ्या पार्श्वभूमीचा 4.5 × 3.5 सेंटिमीटरचा फोटो सोबत न्यावा लागतो. त्यामुळे फोटोची डोकेदुखी मुख्यतः तिघांना असते: विदेशातून पासपोर्टचे नूतनीकरण करणारे, लहान मुलांचे पालक आणि कोणत्याही देशाच्या व्हिसासाठी अर्ज करणारे.

फोटोबाबत एवढा काटेकोरपणा कशासाठी?

पूर्वी पासपोर्टवरचा फोटो फक्त अधिकारी पाहत असे. आता तो यंत्रही पाहते. भारताने 1 एप्रिल 2024 पासून प्रायोगिक तत्त्वावर ई-पासपोर्ट द्यायला सुरुवात केली. त्यातल्या चिपमध्ये धारकाच्या चेहऱ्याची प्रतिमा साठवलेली असते. अनेक विमानतळांवरचे स्वयंचलित गेट ही प्रतिमा आणि समोर उभा असलेला माणूस यांची तुलना करते. त्यासाठी यंत्र आधी डोळ्यांचे मध्यबिंदू शोधते आणि त्यांच्या आधाराने चेहऱ्याची मोजमापे घेते. डोके कललेले असेल, गालावर सावली असेल किंवा केसांची कड मागच्या भिंतीत मिसळली असेल, तर ही मोजमापे चुकतात. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजेच ‘आयकाओ’ने, प्रवासाच्या कागदपत्रांसाठीचे निकष याच कारणाने ठरवले आहेत. थोडक्यात, हा फोटो चेहऱ्याचा मोजता येण्यासारखा नकाशा असतो. तो छान दिसतो की नाही, याला येथे महत्त्व नाही.

पार्श्वभूमी पांढरी आहे, हे कसे ठरवायचे?

घरातली भिंत डोळ्यांना पांढरी दिसते, पण कॅमेऱ्याला ती पिवळसर किंवा राखाडी दिसू शकते. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात तर हमखास. तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे फोटो संपादनाच्या कोणत्याही साध्या ॲपमधले रंग ओळखणारे साधन. ते एखाद्या बिंदूवर ठेवले की लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे तीन आकडे दिसतात. शुद्ध पांढऱ्यासाठी तिन्ही आकडे 255 असतात.

समजा, वरच्या दोन्ही कोपऱ्यांत हे आकडे 240 च्या आसपास आहेत, पण उजव्या कानाच्या मागे ते 195 पर्यंत उतरले आहेत. याचा अर्थ तिथे सावली आहे, भले ती फोनच्या छोट्या पडद्यावर जाणवत नसेल. तिन्ही आकड्यांपैकी निळा बराच कमी असेल, तर भिंत पिवळी आली आहे. आकडे पाहायचे नसतील, तर फोटोची एक प्रत करून तिचा कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवावा. लपलेली सावली लगेच गडद डागासारखी वर येते. ही प्रत फक्त तपासणीसाठी आहे, ती अर्जाला जोडायची नाही.

कपड्यांचाही येथे संबंध येतो. पांढरा शर्ट किंवा पांढरी ओढणी पांढऱ्या भिंतीसमोर विरघळून जाते आणि खांद्याची कड दिसत नाही. गडद रंगाचे कपडे घातले, तर हा प्रश्न उरत नाही.

सावली येते कुठून?

सावल्या दोन प्रकारच्या असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. पहिली भिंतीवर पडणारी. माणूस भिंतीला टेकून उभा राहिला आणि फ्लॅश मारला, की डोक्याची गडद बाह्यरेखा भिंतीवर उमटते. भिंतीपासून साधारण एक मीटर पुढे उभे राहिले, तर ही सावली फ्रेमच्या बाहेर जाते किंवा इतकी फिकट होते की दिसत नाही.

दुसरी चेहऱ्यावर पडणारी. छतावरचा दिवा डोक्यावर असेल, तर डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली काळोख होतो. खिडकी एका बाजूला असेल, तर अर्धा चेहरा उजळ आणि अर्धा गडद येतो. दिवसा, थेट ऊन येत नसलेल्या खिडकीकडे तोंड करून उभे राहणे हा सर्वांत सोपा उपाय. फोटो काढणाऱ्याने खिडकीच्या बाजूला, पण प्रकाश न अडवता उभे राहायचे. दोन्ही गाल सारखेच उजळ दिसले, की काम झाले. चष्म्याच्या काचेवरची चमकही यातच मोडते. अमेरिकेने तर नोव्हेंबर 2016 पासून व्हिसाच्या फोटोत चष्मा जवळपास पूर्णपणे बंद केला आहे. त्यामुळे तो काढूनच ठेवलेला बरा.

डोक्याची जागा कशी मोजायची?

येथे एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा, शारजातल्या एका गृहस्थांचा फोटो त्यांच्या मुलीने फोनवर काढला. फोन डोळ्यांच्या उंचीवर, दीड मीटर अंतरावर आणि फोनच्या 2x लेन्सवर होता. मूळ फोटो 3000 × 4000 पिक्सेलचा आहे. त्यात केसांच्या टोकापासून हनुवटीच्या तळापर्यंतची उंची 960 पिक्सेल भरली.

अट आहे 80 ते 85 टक्क्यांची. ती डोक्याच्या उंचीला लावून मधला 82 टक्के हा आकडा घेऊ. 960 ला 0.82 ने भागले, की 1171 येतात. म्हणजे चौकट 1171 पिक्सेल उंच कापायची. रुंदी उंचीच्या सात नवमांश, म्हणजे 911 पिक्सेल. 630 आणि 810 यांचे प्रमाणही नेमके तेच, 7:9 आहे. ही चौकट मग 630 × 810 वर आणली, की डोके साधारण 664 पिक्सेल उंच होते. उरलेल्या 146 पिक्सेलपैकी पन्नासेक डोक्याच्या वर आणि बाकीचे हनुवटीखाली ठेवले, की मान आणि खांद्याचा वरचा भाग दिसतो.

आता मान कलली आहे का, ते पाहायचे. या आकाराच्या फोटोत दोन बाहुल्यांमधले अंतर साधारण 180 पिक्सेल येते. एक डोळा दुसऱ्यापेक्षा 3 पिक्सेल खाली असेल, तर डोके एखादा अंशच कललेले आहे आणि ते चालून जाते. हा फरक 16 पिक्सेल असेल, तर कल 5 अंशांचा झाला. असा फोटो पुन्हा काढणेच योग्य. चेहरा बाजूला वळला आहे का, हे नाकाच्या शेंड्यापासून चेहऱ्याच्या दोन्ही कडांपर्यंतचे अंतर पाहून कळते. दोन्ही बाजूंना ते जवळपास सारखे हवे.

हेच मोजमाप उलट बाजूनेही उपयोगी पडते. सहलीतल्या समूह फोटोतून चेहरा कापला आणि मूळ उंची 250 पिक्सेलच निघाली, तर ती ताणून 664 करावी लागेल. फोटो धूसर होईल आणि तेवढ्यावरून नाकारला जाऊ शकेल. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत अडचण वेगळी आहे. कॅमेरा फार जवळ असल्याने नाक मोठे येते आणि कान मागे दडतात. चेहऱ्याची प्रमाणेच बदलतात.

एकच फोटो सगळीकडे चालेल का?

नाही, आणि येथेच बरेच जण फसतात. अमेरिकेच्या व्हिसाला 2 × 2 इंचांचा चौरस फोटो लागतो. त्यात डोक्याची उंची फोटोच्या 50 ते 69 टक्के असावी लागते. 600 × 600 पिक्सेलच्या फोटोत ती 300 ते 414 पिक्सेल झाली. वरच्या गृहस्थांचा 82 टक्क्यांचा फोटो येथे थेट बाद होईल. शेन्जेन देशांच्या व्हिसाला 35 × 45 मिलिमीटरचा फोटो चालतो, म्हणजे चौकटीचा आकार भारतीय फोटोसारखाच, 7:9. पण चेहऱ्याचे प्रमाण तिथे 70 ते 80 टक्के आहे. म्हणून मूळ, न कापलेला फोटो जपून ठेवावा आणि प्रत्येक अर्जासाठी त्यातून वेगळी चौकट कापावी. मात्र तो सहा महिन्यांपेक्षा जुना नसावा.

चूक ॲपने दुरुस्त करता येते का?

चौकट कापणे आणि आकार बदलणे चालते. त्यापलीकडचे काही करू नये. ॲपने भिंत पुसून पांढरा रंग भरला, की केसांच्या कडेला पांढरी झालर राहते किंवा कानाचा तुकडाच गायब होतो. हे तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. दूतावासांच्या अटींतही सॉफ्टवेअरने बदललेल्या फोटोला स्पष्ट मनाई आहे. अनेक फोनमध्ये त्वचा गुळगुळीत करणारा ‘ब्युटी’ मोड आधीपासून सुरू असतो. तो फोटो काढण्यापूर्वीच बंद करावा लागतो, कारण नंतर त्याचा परिणाम काढून टाकता येत नाही.

शेवटची चूक फोटो पाठवताना होते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन पोहोचतो आणि सगळी मोजमापे वाया जातात. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर जसाच्या तसा जातो. एवढे सगळे जुळले, तरी अंतिम निर्णय केंद्रावरच्या अधिकाऱ्याचाच असतो. मात्र पार्श्वभूमी, सावली आणि डोक्याची जागा या तीन गोष्टी घरी मोजून घेतल्या, तर त्याच फोटोसाठी दुसरी रजा काढण्याची वेळ सहसा येत नाही.