घरटं रिकामं झालं म्हणे!



गेल्या महिन्यात आमची थोरली नात इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. मुलगा आणि सूनबाई तिला होस्टेलवर सोडून रात्री परत आले. सकाळी मी देवळातून आले, चहा घेतला आणि सवयीनं मोबाइल उघडला, तर सूनबाईचं स्टेटस. नातीच्या मोकळ्या कॉटचा फोटो आणि खाली लिहिलेलं : "आज आमचं घरटं रिकामं झालं. पाखरू उडून गेलं. आता या घरात फक्त शांतता आणि आठवणी."

खरं सांगते, पहिल्यांदा मला हसूच आलं. घरात मी आहे, हे आहेत, मुलगा आहे, सूनबाई स्वतः आहे आणि सातवीतला नातू तर त्याच क्षणी जिन्यात चेंडू आपटत होता. मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीच्या वर्दळीजवळ राहून कुणी शांततेबद्दल लिहावं, हे तर विशेषच. पण मग माझेही डोळे भरून आले आणि मीही खाली हात जोडलेलं चिन्ह टाकून मोकळी झाले. तेही चुकलंच माझं.

दुसऱ्या दिवशी रात्री दहाला नातीचा फोन आला, तो मला. मम्मीला दोन दिवस तिनं फोनच केला नव्हता. म्हणाली, "आज्जी, मी बोलले की मम्मी रडणार. तिचं स्टेटस माझ्या रूममेटनंसुद्धा वाचलं. मी गेले म्हणून घर असं झालं का गं? मी येऊ का परत? कोल्हापुरातच घेते कॉलेज." मेसचं रात्रीचं जेवण आठला, म्हणजे हिचं चौविहाराचं गणित आधीच कोलमडलेलं, भाजीत रोज बटाटा आणि कांदा. दुपारच्या दोन पोळ्या आणि मी दिलेल्या दशम्यांवर पोर दिवस काढत होती. हे ती आईला सांगत नव्हती, कारण आई आधीच दुःखात आहे हे तिनं फोनवर वाचलं होतं.

म्हणून हे लिहायला बसले. दोन ओळींचं स्टेटस चोवीस तासांनी पुसलं जातं हे खरं, पण ते ज्यांनी वाचलं त्यांच्यात ती पोरगीही असते. आपण ओळी लिहितो मैत्रिणींसाठी, आणि त्या जाऊन पोहोचतात नेमक्या तिच्याकडे. "उडून गेलं" वाचून तिला वाटतं, मी सोडून गेले. आपणच फॉर्म भरले, आपणच फी भरली, आपणच बॅग भरली आणि उडून मात्र ती गेली!

शिवाय घरट्याची उपमाच मला पटत नाही. आमच्या गच्चीवर टांगलेल्या कुंडीत एका वर्षी बुलबुलानं घरटं केलं होतं. अंड्यांना धक्का नको म्हणून महिनाभर त्या कुंडीला मी पाणीसुद्धा जपून घातलं. पिल्लं उडाली आणि त्यांच्या मागोमाग आईबापही गेले. घरटं हे पाखरांचं घर नसतंच, ते फक्त अंडी आणि पिल्लांपुरतं असतं. रिकाम्या घरट्यात बसून राहणारी पक्षीण मी तरी पाहिली नाही. आपलं तसं नाही. आपल्या पोरी दिवाळीला बॅगभर मळके कपडे घेऊन परत येतात.

सूनबाईला मी हे सांगितलं तेव्हा ती चिडली. "म्हणजे आई, मी रडूपण नको?" प्रश्न रास्त होता. मग मी तिला तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय काढून दाखवला. त्यात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितलेत आणि त्यातला एक इष्टवियोगाचा आहे. आवडतं माणूस किंवा वस्तू दुरावली की मन पुन्हा पुन्हा तिच्याच विचारात गुंतून पडणं, ते हे. इथं एक गोष्ट आपल्या बायकांच्या लक्षात येत नाही. हे ध्यान सहाव्या गुणस्थानापर्यंत संभवतं असं शास्त्र सांगतं, म्हणजे महाव्रतं घेतलेल्या मुनींनाही ते चुकत नाही. मग तुझ्यामाझ्यासारख्या संसारी बाईला लेक गेल्यावर रडू आलं तर त्यात लाजायचं काय? दोष डोळ्यांतल्या पाण्याचा नाही, दोष त्या "पुन्हा पुन्हा"चा आहे. स्टेटस टाकलं, मग कुणी पाहिलं ते बघितलं, मग चाळीस जणींनी पाठवलेली रडकी तोंडं, प्रत्येकीला उत्तर, आणि प्रत्येक उत्तराबरोबर तोच मोकळा कॉट पुन्हा डोळ्यांसमोर. दिवस संपला. त्या दिवसात पोरीला एक फोन मात्र झाला नाही.

आपल्या समाजाला मुलं बाहेर पाठवणं नवीनही नाही. कोल्हापुरात जैन बोर्डिंग 1901 साली सुरू झालं, शाहू महाराजांच्या काळात. खेड्यापाड्यांतून पोरं शिकायला इथं यायची. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील शिकायला कोल्हापूरला आले ते या बोर्डिंगमध्येच राहिले, आणि पुढे व्यवस्थापनाशी खटका उडून तिथून बाहेर पडले. पण मला आठवतात त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह निघालं तेव्हा जातीपातीची नाना घरांतली मुलं तिथं एकत्र राहू लागली. त्यांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं आणि शेवटी मंगळसूत्रही. आपण लिहितो ते पोर ज्या घरातून गेलं त्या घराबद्दल. पोर जिथं पोहोचलं तिथं त्याला दोन घास कोण घालतं, याबद्दल आपण काहीच लिहीत नाही. खरी काळजी तर तिथं आहे.

तीच मग आम्ही केली. मुलगा मेसवाल्यांशी बोलला. सूर्यास्ताआधी डबा मिळणं जमणार नाही म्हणाले, पण कांदा-बटाटा न घातलेली एक भाजी बाजूला काढून ठेवायला तयार झाले. सूनबाईनं फोनाफोनी करून त्याच भागात राहणाऱ्या आपल्या समाजातल्या एका बाई शोधल्या, त्या संध्याकाळचा डबा साडेपाचला देतात. महिन्याचे पैसे आम्ही इथून पाठवतो. नातीला मी सांगितलं, ज्या दिवशी प्रॅक्टिकल लांबेल आणि डबा चुकेल त्या दिवशी उपाशी झोपू नकोस, जेव आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नियम धर. हे काही जणींना पटणार नाही, मला माहीत आहे. पण अठरा वर्षांची पोर परक्या गावात चक्कर येऊन पडली तर तो कुठला धर्म?

सूनबाईनं ते स्टेटस दुपारीच काढलं होतं. आठवड्यानं नवीन टाकलं, या वेळी कॉटचा फोटो नाही, जेवणाच्या ताटांचा. "लेक पुण्याला शिकतेय. सवयीनं सहा ताटं घेतली, एक परत ठेवलं. दिवाळीला लागेल." यातही दुःख आहेच की, पण वाचणाऱ्या पोरीला परत ये असं कुणी म्हणत नाही.

दहा मिनिटांत नातीचा फोन आला, आईला. दशलक्षणात ती घरी नसणार, हे तिचं पहिलंच वर्ष. अनंत चतुर्दशीचा उपवास करू का, विचारत होती. सूनबाई म्हणाली, आधी परीक्षेची तारीख सांग.