दोन टन पाणी

कागदोपत्री : हुंडीवाला

एलसीतला घोळ परदेशातून येत नाही, तो आपल्याच टेबलावर जन्माला येतो, असं मागे इथे लिहिलं होतं. तेव्हा लोट्याच्या एका कारखान्यातल्या हिशेबनिसानं फोन करून "काका, जरा जास्तच झालं हं" असं सुनावलं होतं. या मंगळवारी त्याचाच फोन आला, पण आवाज मऊ होता. "काका, एलसीचा अर्ज उद्या बँकेत द्यायचाय. एकदा नजर टाकता का? नुसती सही राहिलीये."

नुसती सही राहिलेले कागद मी नोकरीत असताना इतके पाहिले आहेत की ते शब्द ऐकले की मी चष्मा पुसायला घेतो. तो स्कूटरवरून खेडला आला, चहा घेतला आणि फाइल पुढ्यात ठेवली. अर्जात माल होता सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट, २४ टन, २५ किलोच्या पिशव्या, दर टनाला ६४० डॉलर, न्हावा शेवापर्यंत सीआयएफ. एलसीची रक्कम १६,८०० डॉलर. सोबत चिनी विक्रेत्याचा प्रोफॉर्मा जोडलेला, त्यातही मोनोहायड्रेट आणि ६४०. सगळं जुळतंय असं वाटावं असा कागद.

मी कॅल्क्युलेटर काढला. ६४० गुणिले २४ म्हणजे १५,३६०. मग १६,८०० कुठून आले?

"ते परचेसवाल्यांनी फोनवर सांगितलं."

१६,८०० ला २४ नं भागलं की ७०० येतात. म्हणजे कुठेतरी ७०० दराचा दुसरा कागद असणार. परचेसवाल्यांना फोन लावल्यावर तो निघाला. कारखान्याच्या प्रयोगशाळेनं मोनोहायड्रेट नको, ॲनहायड्रस हवं म्हणून कळवलं होतं. विक्रेत्यानं दर वाढवून सुधारित करार पाठवला, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, आणि तो करार लोट्यात परचेसच्या कपाटात राहिला. अर्ज तयार केला मुंबई ऑफिसनं, त्यांच्याकडे होता पहिला प्रोफॉर्मा. रक्कम नव्या कराराची आणि मालाचं वर्णन जुन्या कागदाचं, असा हा अर्ज. (मुंबई ऑफिसबद्दल माझं मत वाचकांना पाठ आहे, म्हणून आज पुन्हा सांगत नाही. थोडं पुढे सांगेन.)

यावर त्याचं म्हणणं असं, की बँक बघेलच ना. बँक बघते, नाही असं नाही. ती प्रोफॉर्माची प्रत मागते आणि चांगला अधिकारी ती अर्जाशी ताडूनही पाहतो. पण त्याच्यासमोर जुनीच प्रत ठेवली असेल, तर त्याला मोनोहायड्रेटशी मोनोहायड्रेट जुळलेलंच दिसणार. एचएस कोडवरूनही काही कळणार नाही, कारण दोन्ही प्रकारांचा कोड एकच, २९१८१४. खटकण्यासारखी एकच जागा होती, ती म्हणजे गुणाकार.

आता हा अर्ज तसाच गेला असता तर काय झालं असतं ते बघा. मोनोहायड्रेटच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू असतो. वजनानं ते पाणी सुमारे साडेआठ टक्के भरतं. ॲनहायड्रसमध्ये ते नसतं. विक्रेता सरळ माणूस असेल तर तो करारानुसार ॲनहायड्रस पाठवणार आणि बिलावर तसं लिहिणार. पण एलसीचे जगभराचे नियम, म्हणजे १ जुलै २००७ पासून लागू असलेलं यूसीपी ६००, सांगतात की व्यापारी बिलातलं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे. ते जुळणार नाही. मग डिस्क्रेपन्सी, तिची फी, 'चालवून घ्या' असं आपलं पत्र, आणि तोवर कंटेनर बंदरात. पैसे लवकर मिळावेत म्हणून विक्रेत्यानं बिलावर मोनोहायड्रेट लिहिलं, तर बँक खूश, पण कस्टम्सपुढे बिलात एक आणि पिशवीत दुसरंच.

तिसरी शक्यता मला जास्त भीतीची वाटते. विक्रेत्यानं एलसी वाचली, गालात हसला आणि एलसीत लिहिलंय तेच, खरोखरचं मोनोहायड्रेट पाठवलं. कागद बिनचूक असतील तर बँकेला पैसे द्यावेच लागतात. करार हा वेगळा व्यवहार आहे, एलसी वेगळा. अर्जदार आणि विक्रेता यांच्यात काय ठरलं होतं याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. २४ टनांचे साडेआठ टक्के म्हणजे दोन टनांहून थोडं जास्त पाणी. कोकणात वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस फुकट पडत असताना आपण चीनहून डॉलर मोजून दोन टन पाणी आणलं असतं. करार मोडला म्हणून विक्रेत्यावर दावा लावता आला असता, चीनमध्ये जाऊन.

अशा वेळी मला शेंगदाण्यांचा खटला आठवतो. जुन्या वाचकांनी तो एकदा ऐकलाय, पण आज तो उलटा करून सांगायचाय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये रेनर कंपनी विरुद्ध हॅम्ब्रोज बँक असा वाद झाला. डेन्मार्कच्या खरेदीदारासाठी काढलेल्या एलसीत माल होता 'कोरोमंडल शेंगदाणे'. विक्रेत्याचं बिल बरोबर होतं, पण जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगवर लिहिलं होतं 'यंत्रानं सोललेले शेंगदाणे'. बँकेनं पैसे नाकारले. लंडनच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी साक्ष दिली, की आमच्या धंद्यात दोन्हींचा अर्थ एकच. खालच्या न्यायालयात विक्रेता जिंकला. अपिलात बँक जिंकली. बँकेनं जगातल्या प्रत्येक धंद्याची बोली शिकून ठेवावी अशी अपेक्षा धरता येत नाही, असा निकालाचा रोख होता.

तिथे माल एकच होता आणि शब्द वेगळे. विक्रेत्याचं नुकसान झालं ते शब्दामुळे, आणि आपण आजही त्याच्याबद्दल हळहळतो. आमच्या लोट्याच्या अर्जात शब्द जवळजवळ सारखे होते, दोन्हीकडे 'सायट्रिक ॲसिड', एकच कोड, त्याच पिशव्या, आणि माल वेगळा. पहिला प्रकार निदान कोणाच्या तरी डोळ्यांत खुपतो, बँक कागद अडवते, आरडाओरडा होतो. दुसरा कोणाच्याच डोळ्यांत खुपत नाही. शिवाय शेंगदाण्यांच्या खटल्यात चूक विक्रेत्याच्या बाजूच्या कागदात होती. इथे ती खरेदीदारानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्याच बँकेला लिहून दिली होती. नियमही आता पूर्वीइतके ताठ राहिलेले नाहीत. बिल सोडून इतर कागदांवर माल सर्वसाधारण शब्दांत लिहिला तरी चालतो, एलसीशी विसंगत नसला म्हणजे झालं. तो शेंगदाण्यांचा कागद आज कदाचित निभावून गेला असता. आमचा अर्ज मात्र तेव्हाही बुडवणारा होता आणि आजही आहे.

गंमत म्हणजे हाच हिशेबनीस मे महिन्यात बाजारात पेटी उघडून, वास घेऊन, हा आंबा आपल्याकडचा नव्हेच, कर्नाटकातला आहे, असं छातीठोक सांगतो. हापूसच्या जीआयवर तो अर्धा तास बोलेल. ॲनहायड्रस-मोनोहायड्रेटच्या वेळी ते नाक कुठे जातं कुणास ठाऊक.

आता मुंबई ऑफिस. अर्जदाराच्या रकान्यात कंपनीचं नाव बरोबर होतं. करारात 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि अर्जात 'प्रा. लि.' याला मी हरकत घेत नाही. करार एका भावाच्या कंपनीचा आणि अर्ज दुसऱ्या भावाच्या कंपनीचा असता, तर मात्र फाइलच परत केली असती. इथे बिघाड पत्त्यात होता. आयईसी दाखल्यावर आणि करारात लोट्याचा पत्ता, पिन ४१५७२२. अर्जात मात्र नुसतं 'खेड, महाराष्ट्र' आणि पिन ४१०५०५. तो पिन राजगुरुनगरचा, पुणे जिल्ह्यातल्या खेडचा. मुंबईत बसलेल्या माणसाच्या लेखी खेड एकच, आणि ते पुण्याच्या वाटेवर.

जिल्हा गळाला त्यालाही कारण आहे. बँकेच्या स्विफ्ट संदेशात अर्जदाराला चार ओळी मिळतात, प्रत्येकी ३५ अक्षरांच्या. लांबलचक पत्ता दिला की शेवट कापला जातो, आणि शेवटीच तर रत्नागिरी असतं. नाव आणि प्लॉट पहिल्या दोन ओळींत बसवून उरलेलं असं लिहा, म्हणून मी दाखवलं:

```
LOTE PARSHURAM MIDC, TAL KHED
DIST RATNAGIRI 415722 MH INDIA
```

"पत्त्यानं काय होतंय काका, नियमातच सूट आहे ना?" हे त्यानं कुठून तरी वाचलं होतं, आणि ते अर्धं खरं आहे. बिलावरचा पत्ता एलसीशी तंतोतंत जुळला नाही तरी चालतं, देश तोच हवा. पण बिल ऑफ लेडिंगवर ज्याला माल आल्याचं कळवायचं त्या रकान्यात अर्जदाराचा पत्ता आला, की तो एलसीत आहे तसाच लागतो. म्हणजे एलसीत राजगुरुनगर असेल तर बिचाऱ्या विक्रेत्याला बिल ऑफ लेडिंगवरही राजगुरुनगरच लिहावं लागणार. लोटे लिहिलं तर डिस्क्रेपन्सी. आणि राजगुरुनगर लिहिलं की तो पत्ता जहाजाच्या यादीत जातो, आपल्या आयईसीशी जुळत नाही, आणि दुरुस्तीसाठी शिपिंग लाइनच्या दारात उभं राहायचं. एलसी निघाल्यावर ती बदलायची तरी बँकेची आणि विक्रेत्याची संमती लागते. आपल्याला चूक कळली म्हणून विक्रेत्यानं हो म्हणालंच पाहिजे असं नाही; विशेषतः तिसऱ्या शक्यतेतला विक्रेता.

जाता जाता एक. करारात वजन पाच टक्के कमीजास्त चालेल असं होतं, अर्जात ते नव्हतंच. टनांत लिहिलेल्या मालाला नियम आपोआप तेवढी मोकळीक देतो. पण अर्जात '९६० पिशव्या' असं लिहिलं की ती जाते, आणि रक्कम १६,८०० वर बांधलेली असेल तर जास्तीच्या मालाचे पैसे एलसीतून निघत नाहीत. रक्कमही पाच टक्के वर-खाली ठेवा, असं मी पेन्सिलीनं लिहून दिलं.

गुरुवारी अर्ज बदलून गेला, सुधारित कराराची प्रत जोडून. संध्याकाळी तो जुना प्रोफॉर्मा फाडायला निघाला होता. मी म्हटलं, फाडू नको, त्यावर मोठ्या अक्षरांत 'रद्द' लिही आणि त्याची एक प्रत मुंबई ऑफिसला पाठव.