"पेलेला होता ना बाप्पा..."

परवा वर्ध्याला घरी गेलो होतो. दुपारची जेवणं झाली, सगळे पडवीत बसले आणि विषय निघाला गावातल्या एका नवऱ्याचा. दारू पिऊन बायकोला मारणारा. नाव-गाव नको, कारण असा नवरा प्रत्येक गावात सापडतो. मावशी सुपारी कातरता कातरता म्हणाली, "पेलेला होता ना बाप्पा, त्याले काय समजत होतं!" लगेच मामा उसळले. "काही नाही, कायद्यात दारूला माफीच नाही. पेला म्हणून सुटत नाही कोणी."

मी काही वर्षं कोर्टात काळा कोट घालून काढली आहेत, त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, मावशीचं चूक आहे आणि मामांचं पाऊण बरोबर. उरलेला पाव तिथे नीट सांगता आला नाही, कारण तेवढ्यात चहा आला. म्हणून इथे लिहितोय.

आधी आमच्या जिल्ह्याची एक गंमत. गांधीजींचा जिल्हा म्हणून वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. मोहाची हातभट्टी कुठे मिळते हे मात्र शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे आमच्याकडचा आरोपी "साहेब, मी प्यालो होतो" असं म्हणतो, तेव्हा तो बचाव करत नसतो, आणखी एका गुन्ह्याची कबुली देत असतो! दारूबंदी कायद्यात पिणं हाच गुन्हा आहे. रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त अल्कोहोल सापडलं, तर ते औषधातून वगैरे आलं हे ज्याचं त्यानेच दाखवायचं.

आता मुद्दा. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ८५ आणि ८६ होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच २३ आणि २४ झाली. नकळत किंवा जबरदस्तीने दारू पाजली आणि माणसाला आपण काय करतोय हेच कळेनासं झालं, तर पहिलं कलम त्याला वाचवतं. पण स्वतःच्या हाताने ग्लास उचलणाऱ्यासाठी दुसरं कलम आहे, आणि ते फार बारकाईने लिहिलेलं आहे.

काही गुन्हे असे असतात की नुसत्या कृतीने ते पुरे होत नाहीत, त्यामागे विशिष्ट 'जाणीव' किंवा 'हेतू' असावा लागतो. कलमाच्या सुरुवातीला हे दोन्ही शब्द आहेत. पण पुढे ते म्हणतं की आपणहून प्यालेला माणूस शुद्धीत असता तर त्याला जी जाणीव असती, तीच त्याला होती असं समजून चालायचं. इथे फक्त 'जाणीव' आहे. 'हेतू' हा शब्द गळला आहे. म्हणजे जाणीव कायदा पिणाऱ्याच्या माथी मारतो, हेतू मात्र आपोआप चिकटवत नाही. तो पुराव्यातूनच काढावा लागतो. मामांच्या हिशोबातून सुटलेला पाव तो हाच.

उदाहरण घ्या. एक जण झिंगत झिंगत टपरीसमोरून दुसऱ्याची सायकल आपली समजून घरी घेऊन जातो. चोरीला लबाडीचा हेतू लागतो. त्याला आपली-परकी कळतच नव्हतं, हे पटलं तर चोरी टिकणार नाही. पण त्याने रात्रीतून सायकलचा नंबर खरवडून काढला असेल, तर? मग कितीही प्यालेला असो, हेतू त्या खरवडण्यातच दिसतो.

खुनाच्या बाबतीत १९५६ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा बासदेव खटला आजही दाखवला जातो. बासदेव लष्करातून निवृत्त झालेला जमादार. लग्नाच्या जेवणावळीत त्याने पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला बसायला जागा दे, जरा सरक म्हटलं. मुलगा सरकला नाही. बासदेवने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. पोरगं गेलं. तो खूप प्यालेला होता हे कोर्टाने मान्य केलं. पण कोर्टाने पुढे पाहिलं ते असं: तो कोणाचा आधार न घेता तिथवर चालत आला, सुसंगत बोलला, गोळी घातल्यावर पळायला लागला आणि पकडल्यावर माफी मागू लागला. आपण काय केलं हे त्याला कळत होतं. दारूने माणूस लवकर भडकतो हे खरं, पण भडकणं वेगळं आणि हेतू धरण्याची ताकदच नसणं वेगळं. खुनाची शिक्षा कायम राहिली. मात्र फाशीऐवजी त्याला जन्मठेप मिळाली होती.

जाणिवेचं उदाहरण आपल्या मुंबईचं. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पहाटे एक गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालवणाऱ्याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होतं. त्या मजुरांना मारायचा हेतू होता असं कोणीच म्हटलं नाही. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या दुसऱ्या भागाखाली, म्हणजे 'जाणिवे'खाली, तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. इथे दारूने गुन्हा हलका केला नाही, उलट जड केला. पिऊन गाडी हाणली तर जीव जाऊ शकतो, हे कळायला शुद्धीत असावं लागत नाही, बाटली उघडण्याआधीही ते ठाऊक असतंच.

आता पडवीतल्या त्या नवऱ्याकडे येऊ. समजा, उद्या त्याने नशेत हाताला आलेली काठी बायकोच्या डोक्यात एकदाच घातली आणि ती गेली. मारून टाकायचाच हेतू होता का, यावर कोर्टात वाद होईल आणि कदाचित खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरेल. पण डोक्यात काठी बसली तर माणूस मरू शकतो ही जाणीव तो नाकारू शकणार नाही. दहा वर्षांपर्यंत शिक्षा तिथेही आहेच. आणि त्याने आत जाऊन कुऱ्हाड शोधली, मानेवर तीन घाव घातले, मग ती विहिरीत टाकली असेल, तर दारूचं नाव काढून काही उपयोग नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की कायद्याची ही विभागणी योग्य आहे. हेतूही आपोआप चिकटवला, तर चूक आणि कट यांत फरक उरणार नाही. जाणीव सोडली, तर प्रत्येक जण आधी गुत्त्यावर जाईल. पण हे सगळं नीट चालायला त्या रात्रीचे तपशील लागतात. कागदावर नुसतं "तोंडाला दारूचा वास" लिहिलेलं असतं. वासाने प्याला एवढंच कळतं, किती झिंगला होता ते नाही. चालत होता का, बोलणं कळत होतं का, रक्त किती तासांनी घेतलं, नंतर लपला का पळाला, हे शेजाऱ्यांनी पहिल्याच जबाबात सांगायला हवं. सहा महिन्यांनी साक्षीत आठवत नाही कोणाला.

निघताना मावशीला एवढंच म्हटलं, की त्याला समजत नव्हतं म्हणतेस, मग तो दर वेळी बायकोलाच कसा मारतो? सरपंचाला का नाही मारत?

मावशी काही बोलली नाही. अडकित्ता मात्र थांबला होता.