अमेरिकेचं टपाल सुरू झालं, पण भाऊबीज तर 23 तारखेला आहे!

मंडळी, कालपासून म्हणजे 15 ऑक्टोबर 2025 पासून अमेरिकेला पार्सल पाठवायची टपाल खात्याची सेवा पुन्हा सुरू झाली. बातमी चांगली आहे. पण कॅलेंडर बघा. उद्या वसुबारस, 21 ला लक्ष्मीपूजन, 23 ला भाऊबीज. आज चिखली, मेहकर किंवा खामगावच्या पोस्टात दिलेला डबा भाऊबीजेला न्यू जर्सीत पोचणार नाही. कुणी खात्रीनं सांगत असेल तरी विश्वास ठेवू नका.

आधी झालं काय ते समजून घेऊ. 800 डॉलरपर्यंतच्या वस्तू अमेरिकेत बिनशुल्क जायच्या. 30 जुलैच्या आदेशानं ती सवलत 29 ऑगस्टपासून बंद झाली. शुल्क गोळा करायची जबाबदारी पार्सल नेणाऱ्यांवर किंवा अमेरिकेनं मान्यता दिलेल्या संस्थांवर टाकली. पण या संस्था कोणत्या, पैसे कसे भरायचे, हे नीट ठरलंच नव्हतं. विमान कंपन्यांनी टपाल घ्यायला नकार दिला. 25 ऑगस्टपासून आपल्या पोस्टानं बहुतेक वस्तूंचं बुकिंग थांबवलं. पत्रं आणि 100 डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालू ठेवल्या होत्या, महिनाअखेरीस त्याही बंद केल्या. हे फक्त आपल्याकडंच झालं असं नाही, जगातल्या 88 टपाल संस्थांनी सेवा पूर्ण किंवा अर्धवट थांबवली होती. म्हणून बंद पडल्याचा दोष मी आपल्या पोस्टाला देत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. या दीड महिन्यात गणपती गेले, नवरात्र गेलं, दसरा गेला. गावातल्या माणसाला एकच गोष्ट माहीत हवी होती: दिवाळीसाठी कोणत्या तारखेपर्यंत पार्सल द्यायचं? ती तारीख आपल्या पोस्टाच्या फळ्यावर सेवा चालू असतानाही लागत नाही. इंग्लंडचं टपाल खातं दरवर्षी नाताळाआधी देशवार यादी काढतं, अमुक देशाला अमुक तारखेपर्यंत टाका म्हणून. अमेरिकेचंही काढतं. त्यांच्या नाताळाला तारीख मिळते, मग आपल्या दिवाळीला का नाही?

तारीख काढणं काही अवघड नाही, भाऊबीजेपासून उलटं मोजायचं. बुलडाण्याहून परदेशी टपाल कार्यालयापर्यंत तीन-चार दिवस धरा. तिथं आपलं कस्टम्स तपासतं. मग विमान, तिकडचं कस्टम्स आणि घरपोच वाटप मिळून दहा-बारा दिवस. सणाची गर्दी आणि अडकाअडकीसाठी आणखी पाच दिवस. झाले वीस दिवस. 23 ऑक्टोबरातून वीस वजा केले की येतो 3 ऑक्टोबर, म्हणजे दसऱ्याचा दुसरा दिवस. हा माझा अंदाज आहे, खात्याचा आकडा नाही. पण सोनं लुटायच्या आधी पार्सल गेलेलं बरं, एवढं लक्षात ठेवायला सोपं आहे.

आता पैशाचं. नव्या पद्धतीत शुल्क इथंच, बुकिंगच्या खिडकीवर भरायचं. ऑक्टोबर 2025 मध्ये दर जाहीर केलेल्या किमतीच्या 50 टक्के होता. 100 डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटवस्तूला मात्र माफी आहे. ऑक्टोबर 2025 च्या भावानं ते साधारण 8,800 रुपये होत होते. इथंच माणूस फसतो. समजा, लेकीला 7,500 ची साडी आणि 2,500 चा फराळ एकाच डब्यात पाठवला. किंमत झाली 10,000, मर्यादा ओलांडली. लोकांना वाटतं वरच्या 1,200 वर शुल्क लागेल. तसं नाही राजेहो, माफीच जाते आणि शुल्क पूर्ण 10,000 वर बसतं: त्या दरानं पाच हजार रुपये! टपाल हशील वेगळं.

माफी एका माणसाला एका दिवसाला मिळणाऱ्या भेटीची आहे. साडी लेकीला आणि फराळ खरंच जावयाला असेल, तर दोघांच्या भेटी वेगळ्या बांधा, प्रत्येकीवर नाव लिहा आणि फॉर्मवर किंमत वेगवेगळी दाखवा. पण साडी 200 रुपयांची लिहू नका. किंमत खोटी वाटली तर पार्सल अडकतं, आणि ते सोडवायला तिकडे लेकीलाच धावपळ करावी लागते.

फॉर्मवर नुसतं ‘खाऊ’ किंवा ‘फराळ’ लिहिलं तरी अडचण. तपासणाऱ्याला चकली म्हणजे काय ते कळत नाही. कशाचा पदार्थ आहे, घरी केलेला का, वजन किती, किंमत किती, हे इंग्रजीत एकेका ओळीत लिहा. ‘भेट’ या रकान्यावर खूण करा. घेणाऱ्याचा फोन आणि झिप कोड दोनदा तपासा.

खाण्याच्या वस्तूंचा एक नियम आपल्या उपयोगाचा आहे. अमेरिकेत अन्न पाठवायचं तर तिकडच्या अन्न-औषध खात्याला आधी ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पण पाठवणाऱ्यानं स्वतःच्या घरी केलेला आणि व्यक्तीला भेट म्हणून पाठवलेला पदार्थ त्यातून वगळलेला आहे. म्हणजे आईनं केलेल्या चकल्यांना ती सूचना लागत नाही, दुकानातून किंवा बचत गटाकडून विकत घेतलेल्या चकल्यांना नियमाप्रमाणे लागते. आणि पेढे, बर्फी, खवा घालूच नका. आपल्या जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो ना, त्याच रोगाच्या भीतीनं तिकडचं कृषी खातं भारतातून येणाऱ्या दुधाच्या पदार्थांवर निर्बंध ठेवतं. एका पेढ्याच्या पुड्यापायी अख्खा डबा अडकू शकतो.

ज्यांनी ऑगस्टात पार्सल दिलं आणि ते अमेरिकेला गेलंच नाही, त्यांना टपाल हशील परत मागता येतं. खात्यानंच तसं जाहीर केलं होतं. पावती घेऊन पोस्टात जा. पावती हरवू नका.

आज कुणी पाठवणार असाल तर साडी, आकाशकंदील, टिकाऊ कोरडा फराळ खुशाल पाठवा, पण लेकीला आधीच सांगून ठेवा की नोव्हेंबरात मिळेल. अनारसे, करंज्या यंदा राहू द्या, त्या तेवढे दिवस टिकायच्या नाहीत.

आणि बुलडाणा विभागाच्या टपाल अधिकाऱ्यांना जाहीर विनंती. पुढच्या वर्षी गणपती उठले की प्रत्येक पोस्टात मराठीत एक कागद लावा: कोणत्या देशाला शेवटची तारीख कोणती, त्या दिवशीचा शुल्काचा दर काय, आणि काय पाठवायचं नाही. खिडकीवरचा कर्मचारी बिचारा एकटा किती जणांना समजावणार? एका कागदाचं काम आहे.

तुमच्यापैकी कुणाचं पार्सल ऑगस्टपासून अडकलंय का? तारीख आणि पोस्टाचं गाव खाली लिहा, नंबर लिहू नका. यादी करून मी ती टपाल कार्यालयात नेऊन देतो.