उशिराची कारणं सांगता, मग फ्लोटही सांगा!

मुंबई-गोवा महामार्गावर काम रखडलं की कारणांची यादी ठरलेली. भूसंपादन, पाऊस, विजेचे खांब, खडी नाही. महाड-पोलादपूरकरांना ती पाठ झालीय. माझा आक्षेप यादीवर नाही. यातल्या नेमक्या कुठल्या कारणाने शेवटची तारीख पुढे गेली, हे कुणी सांगत नाही, यावर आहे.

हे सांगता येतं. प्रत्येक कामाला 'फ्लोट' असतो, म्हणजे ते काम किती दिवस लांबलं तरी शेवटची तारीख हलत नाही, ती मुभा. उशिरात उशिरा कधी सुरू केलं तर चालेल, त्यातून लवकरात लवकर कधी सुरू होऊ शकतं ते वजा करा. झाला फ्लोट.

समजा, एक छोटा पूल आहे (आकडे माझे, हिशेबापुरते). पाया आणि खांब ६० दिवस, गर्डर चढवणं १५, स्लॅब ३०, शेवटी डांबर १०. एकूण ११५. गर्डर बाजूच्या यार्डात ३५ दिवसांत ओतून होतात, ते लागणार ६० व्या दिवसानंतर. म्हणजे फ्लोट २५. जोडरस्त्याच्या जागेचा ताबा २० दिवस, मग भराव ४०. भराव डांबराआधी, १०५ व्या दिवसापर्यंत हवा. फ्लोट ४५.

आता ताबा ४० दिवस उशिरा मिळाला तरी पूल वेळेत होतो. पायाला मात्र फ्लोट शून्य, तिथला एक दिवस म्हणजे शेवटचा एक दिवस. मग पाया १० दिवस रखडलेला असताना "ताबा मिळाला नाही हो" म्हणून मुदतवाढ मागितली, तर ती कशाच्या जोरावर?

एक खोच आहे. ते ४५ दिवस ताबा आणि भराव या दोघांचे मिळून आहेत. ताब्याने ४० खाल्ले, तर भरावाला उरतात ५. साहेब लोक दोन्हीकडे ४५-४५ मोजतात आणि मग पत्रकारांवर चिडतात.

आणि आपल्याकडचा पाऊस! नदीतला पाया जूनच्या आधी पाण्यावर आला नाही, तर आठवड्याचा उशीर चार महिन्यांचा होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, माणसं गेली. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ ला, पावसाच्या तोंडावर, खुला झाला. तारीख खरी मानली की काम होतं, हे याच तालुक्याने पाहिलंय.

तेव्हा माहिती अधिकारात 'विलंबाची कारणे' मागू नका, यादीच मिळेल. मंजूर वेळापत्रक मागा, महिन्याचं सुधारित वेळापत्रक मागा, आणि प्रत्येक मुदतवाढीच्या अर्जासमोर त्या कामाचा त्या दिवशी उरलेला फ्लोट किती होता, तो रकाना मागा. अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये कळवा, मी टाकतो.